आजीचा तांब्या आणि चोवीस बाय चोवीस

गेल्या दिवाळीनंतर आठवड्याभरात आजीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि त्याच्याबरोबर बोलणं, तिन्ही एकाच सकाळी गेलं. पाय हळूहळू परत आला, हात थोडासा आला, बोलणं मात्र अजून आलेलं नाही. समोरचं बोललेलं तिला बरंच कळतं, पण तोंडातून शब्द निघत नाही. निघालाच तर भलताच निघतो, आणि तो भलता आहे हे तिला कळतं. मग ती चिडते. ज्या बाईने आयुष्यभर अख्ख्या गल्लीला अहिराणीत झापलं, तिला चहा हवाय हे सांगता येऊ नये, म्हणजे काय हाल होत असतील विचार करा.

धुळ्याच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सुचवलं की घरात एक चित्रांचा तक्ता ठेवा. बारा चित्रं, एकेक गरज, तिने बोट ठेवायचं. एक तयार तक्ताही मिळाला. त्यात पाण्यासाठी उभा काचेचा ग्लास, खाण्यासाठी काटा-चमचा, झोपायला हेडबोर्डवाला पलंग. आजीने तो दोन मिनिटं पाहिला आणि उलटा करून खाटेवर ठेवून दिला. तिच्या घरातली एकही वस्तू त्यात नव्हती, ती तरी काय करणार!

तर मंडळी, मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पुण्यात सोमवार ते शुक्रवार कोड पाडायचा आणि शुक्रवारी रात्रीच्या बसने शिरपूर गाठायचं, हे तेव्हा दर पंधरवड्याला चालू होतं. म्हटलं, तक्ता आपणच करू. त्यात काय मोठंसं? पुढचे तीन महिने "त्यात काय मोठंसं" हे वाक्य मला पुरून उरलं. त्याचीच ही गोष्ट.

पहिला प्रयत्न अर्थातच फोटो. मोबाईल काढला, घरातल्या वस्तूंचे फोटो मारले, ए-फोर कागदावर चार बाय तीन असे मांडले, प्रिंट आणली. स्क्रीनवर भन्नाट दिसत होतं. कागदावर सगळा गोंधळ. आमच्या घरात निम्मी भांडी स्टीलची. स्टील म्हणजे आरसाच, त्यात खिडकी दिसते, ट्यूबलाईट दिसते, फोटो काढणारा मी दिसतो. मागे पांढऱ्या टाइल्स. आजीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिला पांढऱ्यावरचं करडं काही वेगळं दिसेना. त्यात प्रती वाढवायला म्हणून एक झेरॉक्स काढली तर गोधडी आणि चष्मा दोन्ही काळे ठिक्कर. म्हणून रेघांची चित्रं करायचं ठरवलं. पांढऱ्यावर जाड काळी रेघ, बाकी काही नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी टिकेल.

इंकस्केप हे फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात "ट्रेस बिटमॅप" नावाची सोय आहे, फोटो द्या आणि रेघा घ्या. आळशी माणसाला स्वर्गच वाटावा असं प्रकरण. मी तांब्याचा फोटो दिला. बाहेर आलं ते असं की प्रत्येक कडेला एकाऐवजी दोन रेघा, पोटावरची चमक म्हणजे एक वेगळा ढग, आणि शेकडो बिंदू. कारण सोपं आहे. मशीनला तांब्या दिसत नाही, उजेड-अंधाराची सीमा दिसते. आपल्याला हवी असते वस्तूची सीमा. त्यामुळे फोटो फक्त खाली ठेवायचा आणि वरून हाताने रेघ ओढायची, याला पर्याय नाही.

पहिली बारा चित्रं मी अशीच सुचेल तशी काढली. पंखा जाड झाला, चष्मा नाजूक झाला, खाट खूप मोठी, गोळी एवढीशी. तक्ता आजीसमोर ठेवला. तिने पंख्यावर बोट ठेवलं. थंडीचे दिवस. पुन्हा विचारलं, पुन्हा पंखा. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, पंखा! माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दोन दिवस लागले. तक्त्यावर सगळ्यात काळं, सगळ्यात ठळक चित्र पंख्याचं होतं. तिची नजर आधी तिथेच जाई, आणि नजरेमागे बोट. बारा जण एकत्र बोलत असताना एक जण ओरडतोय, तर दुसऱ्यांचं कुणाला ऐकू येणार?

सोमवारी हापिसात जेवताना आमच्या टीममधल्या डिझायनरला हे सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तू बारा चित्रं काढलीस, सेट काढला नाहीस." आणि पेपर नॅपकिनवर तिने मला चोवीस बाय चोवीसची जाळी काढून दाखवली. अ‍ॅपमध्ये आपण जे आयकॉन रोज बघतो त्यांच्या मागे ही जाळी असते हे मला ऐकून माहीत होतं. ती कशासाठी असते हे त्या दिवशी कळलं.

नियम तसे चारच. पहिला, रेघेची जाडी सगळीकडे एकच, दोन युनिट. दुसरा, चित्राचं आकारमान ठरावीक साच्यातच. गूगलच्या मटेरियल आयकॉनचे साचे असे आहेत: चोवीसातल्या कडेच्या दोन-दोन युनिट मोकळ्या सोडायच्या, मग गोल वस्तू २० व्यासाच्या वर्तुळात, चौकोनी वस्तू १८ बाय १८ मध्ये, उभी वस्तू १६ बाय २० मध्ये, आडवी २० बाय १६ मध्ये. मला वाटलं होतं की हे आकडे कुणाच्या तरी मर्जीने आले असतील. मग क्षेत्रफळ काढून पाहिलं. वर्तुळाचं ३१४, चौकोनाचं ३२४, उभ्या-आडव्याचं ३२०. म्हणजे चारही साचे डोळ्याला जवळपास सारखेच वजनदार. वर्तुळ आणि चौकोन दोन्ही २० चे घेतले असते तर चौकोन दांडगा दिसला असता. माझी खाट दांडगी दिसत होती ती म्हणूनच.

तिसरा नियम कोपऱ्यांचा. ल्युसाइड नावाचा एक मुक्त आयकॉन संच आहे, आमच्या प्रॉडक्टमध्ये आम्ही तोच वापरतो. त्यांचा नियम म्हणजे आठ युनिट किंवा त्याहून मोठ्या आकाराला दोनची गोलाई, लहानाला एकची. रेघेची टोकं आणि सांधे गोल. इथे एक गंमत आहे. रेघ ही मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक युनिट पसरते. त्यामुळे वाटेची गोलाई दोन असेल तर बाहेरच्या कडेची तीन होते आणि आतली एक. मटेरियलमध्ये दोनचा आकडा बाहेरच्या कडेसाठी आहे. मी अर्धे आयकॉन एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीने काढले होते, दोन्हीकडे "दोन"च लिहिलेलं होतं, आणि गोळ्यांचं पाकीट उशीपेक्षा टोकदार का दिसतंय हे मला अर्धा रविवार कळत नव्हतं. एकच पद्धत धरा, एवढंच सांगतो.

चौथा नियम मोकळ्या जागेचा. दोन रेघांच्या मध्ये किमान दोन युनिट पांढरं. रेघेएवढीच फट. त्याहून कमी ठेवलंत तर लहान आकारात किंवा झेरॉक्समध्ये फट बुजते आणि दोन रेघांचा एक डाग होतो. हा नियम सगळ्यात निष्ठुर. चोवीस युनिटांत दोनची रेघ आणि दोनची फट म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत जेमतेम सहा रेघा मावतात, कडा सोडल्या तर पाच. बाजेची सुंभाची वीण मी आधी अख्खी काढली होती. शेवटी तिरप्या दोन रेघा उरल्या.

आता फोटोही नव्याने काढावे लागले, कारण पहिले सगळे जवळून आणि वरून काढलेले. जवळून काढलं की पुढचा भाग फुगतो, तांब्याचं तोंड मोठं आणि बूड बारीक होतं. म्हणून वस्तू ओट्यावर ठेवायची, मागे गडद लुगडं टांगायचं, आपण चार-पाच पावलं मागे जायचं आणि झूम करायचं. कॅमेरा वस्तूच्या मध्यावर येईल इतकं खाली बसायचं, म्हणजे तोंडाची लंबगोल कड चपटी होऊन जवळपास सरळ रेघ होते. उजेड दाराकडून, फ्लॅश बंद. आणि एक पथ्य, कुठलीही वस्तू एक तर थेट समोरून नाही तर थेट वरून. तिरक्या कोनातून एकही नाही, कारण एक वस्तू तिरकी आणि बाकीच्या सपाट असल्या की ती एकटीच कागदातून बाहेर येते. खाट समोरून, तांब्या समोरून, पंखा खालून, ताट वरून.

ताटाची तर वेगळीच कथा. वरून ताट म्हणजे वर्तुळ. आत वरच्या बाजूला दोन वाट्या, खाली अर्धी भाकर. काढून झाल्यावर आईला दाखवलं तर ती म्हणाली, "हे कोण हसतंय?" खरंच, दोन डोळे आणि एक तोंड. :) एक वाटी काढून टाकली आणि भाकर उजवीकडे सरकवली, तेव्हा कुठे ताट झालं.

तांब्या मात्र पहिल्याच फटक्यात जमला, आणि मी त्याच्यावर जाम खूश होतो. काठ १० युनिट रुंद, मान आत येऊन ६ वर, पोट १६ वर, बूड सपाट. मधल्या वाटांचे सगळे टोकबिंदू पूर्ण आकड्यांवर. ते का, तर रेघ दोनची असली की तिच्या कडा मध्यापासून एक-एक युनिटवर पडतात, म्हणजे पुन्हा पूर्ण आकड्यावर. उद्या हाच आयकॉन मोबाईलवर २४ पिक्सेलमध्ये दाखवला तरी आडव्या-उभ्या कडा धूसर होत नाहीत. रेघ एकची असती तर मध्य अर्ध्यावर ठेवावा लागला असता. अख्खा तांब्या एवढाच:

```
<svg viewBox="0 0 24 24" fill="none" stroke="#000"
  stroke-width="2" stroke-linecap="round"
  stroke-linejoin="round">
  <path d="M7 3h10"/>
  <path d="M8 3c0 2 1 3 1 5c-3 1-5 3-5 6c0 4 3 7 6 7h4
           c3 0 6-3 6-7c0-3-2-5-5-6c0-2 1-3 1-5"/>
</svg>
```

एक खड्डा सांगून ठेवतो, कारण मी त्यात दोनदा पडलो. इंकस्केपमध्ये चित्र लहान-मोठं करताना रेघेची जाडीही त्याच प्रमाणात बदलायची की नाही, याचं एक बटण असतं. ते चालू राहिलं तर साच्यात बसवायला चित्र जरा ओढलं की दोनची रेघ १.७३ होते, आणि नुसत्या डोळ्याला ते कळत नाही, फक्त सेट "कसासाच" वाटतो. आपण कोडवाले, आपण डोळ्यावर कशाला विसंबायचं?

```
grep -oh 'stroke-width[:=]"\?[0-9.]*' *.svg | sort | uniq -c
grep -l 'scale(\|matrix(' *.svg
```

पहिली ओळ जाड्या मोजते, दोनखेरीज दुसरा आकडा दिसला की चोर सापडला. दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. फाइलमध्ये जाडी दोनच लिहिलेली असते पण बाहेरच्या गटावर १.२ पट मोठं करण्याची सूचना बसलेली असते, तेव्हा कागदावर रेघ २.४ ची उमटते. माझा चष्मा असाच लबाडी करत होता.

तर असा तक्ता तयार झाला. ए-फोर आडवा, प्रत्येक घर साठ मिलिमीटरचं, त्यात आयकॉन छत्तीस मिलिमीटरचा. म्हणजे एक युनिट दीड मिलिमीटर आणि रेघ तीन मिलिमीटर जाड. पाणी, चहा, जेवण, गोळी, संडास, खाट, गोधडी, पंखा, दिवा, चष्मा, देव, दुखतंय. पाण्याला तांब्या. संडासला खाटेशेजारी आणून ठेवलेली ती मधे भोक असलेली खुर्ची. लॅमिनेट करून आणला. पहिल्याच दिवशी आजीने कपबशीवर बोट ठेवलं आणि तिला चहा मिळाला. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी रविवारच्या बसने पुण्याला आलो तो हवेतच.

बुधवारी रात्री आईचा फोन. आजी रात्री-अपरात्री पाणी मागते, दिलं की ग्लास ढकलून देते, पुन्हा तांब्यावर बोट आपटते, पुन्हा दिलं की पुन्हा ढकलते. त्या रात्री तिसऱ्यांदा असं झालं आणि मग अंथरूण ओलं झालं. आजी भिंतीकडे तोंड करून पडली ती सकाळपर्यंत कुणाकडे बघेना. आईला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी घरी गेलो. आत्या आली होती, ती तक्ता बघत होती. मी म्हटलं, "हा तांब्या, पाण्याचा." आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "पाण्याचा? आरे भाऊ, तांब्या लिसन माणूस कोठे जास?"

क्षणभर काही सुधरेना. मग एकदम लख्ख झालं. आजीच्या वयाचं अर्धं आयुष्य घरात संडास नसताना गेलं. पहाटे तांब्या घ्यायचा आणि शेताकडे जायचं. पुढे घरात संडास झाला तरी दाराशी तांब्या होताच. तिच्यासाठी तांब्या हे पाणी नव्हतंच. ती बिचारी तीन-तीनदा अगदी स्पष्ट सांगत होती, आणि आम्ही तिला वरून आणखी पाणी पाजत होतो. आणि ती भोकाची खुर्ची? ती तिने झटका येईपर्यंत जन्मात पाहिली नव्हती. तिच्या लेखी ती खुर्चीच.

पण मग पाहुण्यांना पाणी देतो तो तांब्या? तो आमच्या घरी पितळेचा, चिंचेने घासून लखलखीत. आणि संडासातला अ‍ॅल्युमिनियमचा, पोचे आलेला. घरात कुणीही, अगदी झोपेतही, या दोघांची गल्लत करणार नाही. माझ्या पहिल्या फोटोंमध्ये तो पितळेचाच होता, पिवळा धमक. मी त्याची दोन युनिटची काळी रेघ केली आणि पितळ गेलं. अ‍ॅल्युमिनियमही गेलं. उरला फक्त आकार, आणि आकार दोघांचा एकच. रेघेच्या चित्रात वस्तू कशाची आहे हे सांगायची सोयच नसते. ज्या वस्तू आकाराने ओळखल्या जातात त्या त्यात जगतात, ज्या धातूवरून, रंगावरून, कळकटपणावरून ओळखल्या जातात त्या मरतात. पंख्याचं मी ओरडणं बंद केलं ते याच नियमाने, आणि तांब्याची वाचाही गेली ती याच नियमाने.

त्या रात्री बराच वेळ निवडणूक चिन्हं आठवत राहिलो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आपल्याकडे चिन्हं आहेत, कारण बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. यातली कितीतरी चित्रं निवडणूक आयोगाचे ड्राफ्ट्समन एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीने काढली, ते १९९२ साली निवृत्त झाले. कपबशी, शिट्टी, गॅस सिलिंडर, प्रेशर कुकर, सगळ्या घरातल्या वस्तू. मी ती चिन्हं नेहमी जराशी हसण्यावारी नेत आलो. कुठे रेघ जाड, कुठे बारीक, कुठे छाया मारलेली, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. आता कळलं की तिथे मेळ नकोच आहे. मतपत्रिकेवर एक चिन्ह दुसऱ्यापासून लांबूनही वेगळं दिसलं पाहिजे, शेजाऱ्याशी त्याचं जुळण्याची काही गरज नाही. माझ्या तक्त्याला दोन्ही हवं होतं. वजन सारखं, ओळख वेगळी.

रविवारी पुन्हा बसलो. तांब्या संडासच्या घरात गेला, जसाच्या तसा, एकही बिंदू न हलवता. पाण्यासाठी माठ घ्यायचा ठरला, कारण आजी फ्रिजचं पाणी पीत नाही. पण माठ काढला आणि बघतो तर काय, गोल पोट, वर काठ... तांब्याचा सख्खा भाऊ! त्याच साच्यात, त्याच रेघेत, दोघांमध्ये फरक उरला एक-दोन युनिटचा. इथे फरक वस्तूच्या बाह्याकृतीत आणावा लागतो, आतल्या नक्षीत नाही. म्हणून माठाची मान पूर्ण काढून टाकली, खाली तिवईचे दोन पाय दिले, वर आडवं झाकण आणि झाकणावर पालथा घातलेला पेला. आमच्या माठावर तो तसाच असतो. पेला चित्रात आला आणि पिण्याचा अर्थही आपोआप आला. मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवून इंकस्केपमध्ये इतकी धूसर केली की रेघा दिसेनात, नुसते डाग उरले. दोन डाग वेगळे दिसले, म्हणजे पास. सॉफ्टवेअर नसेल तर कागद भिंतीला लावून दहा पावलं मागे जा आणि डोळे बारीक करा, तीच परीक्षा.

खरी परीक्षा मात्र मी आधी घेतलीच नव्हती. मी घरच्यांना चित्र दाखवून म्हणायचो, "हा पाण्याचा तांब्या, बरोबर ना?" सगळे म्हणायचे बरोबर. उत्तर आपणच सांगितलं की परीक्षा कसली? आता गल्लीतल्या दहा आज्यांकडे गेलो, एकेक चित्र, नाव झाकलेलं, आणि प्रश्न एकच: "हाई काय शे?" आणि मग, "हे दाखवलं तर मी काय आणून देऊ?" हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. पहिल्याला "तांब्या" हे उत्तर दहाही जणींनी दिलं असतं, आणि मी पुन्हा फसलो असतो.

अमेरिकेत धोक्याच्या खुणांसाठी एक प्रमाणक आहे, एएनएसआय झेड ५३५.३. त्यात म्हटलंय की चित्र पास व्हायला ८५ टक्के लोकांना ते बरोबर कळलं पाहिजे. पण त्याबरोबर दुसरी अट आहे ती मला जास्त आवडली, की नेमका उलटा, घातक अर्थ घेणारे ५ टक्क्यांच्या वर नकोत. म्हणजे न कळणं एक वेळ परवडलं, उलटं कळणं परवडत नाही. खुर्चीचं चित्र न कळणाऱ्यातलं होतं, तांब्याचं उलटं कळणाऱ्यातलं. दहा जणींवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, हे मान्य. पण दहातल्या आठ जणींनी तांब्या बघून ओशाळवाणं हसत बाहेर हात दाखवला, एवढं मला पुरलं. या परीक्षेत देवाचं चित्रही नापास झालं. मी देव्हारा काढला होता, कळसाचा त्रिकोण आणि खाली चौकोन. सात जणींनी त्याला "घर" म्हटलं. तिथे निरांजन आलं. मग दिव्याच्या बल्बशी त्याची गल्लत होईना ना, हे पुन्हा डाग करून पाहिलं.

थेरपिस्ट बाईंना हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, बोट ठेवलं की वस्तू आणायला पळायचं नाही, आधी ती वस्तू खरीखुरी समोर धरून विचारायचं, "हे?" अशा रुग्णांचं हो-नाही सुद्धा कधीकधी उलटं होतं, म्हणून मानेवर नाही तर चेहऱ्यावर लक्ष ठेवायचं. आम्ही तसं केलं असतं तर ग्लास पहिल्यांदा ढकलला तेव्हाच थांबलो असतो. दुसरी म्हणजे, एक घर रिकामं ठेवा. "यातलं काहीच नाही" हे म्हणायची सोय नसेल तर माणूस जे आहे त्यातलंच काहीतरी दाखवतो, आणि आपल्याला वाटतं कळलं.

मग चष्मा काढून टाकला (तो तसाही गळ्यात दोरीने बांधलेला असतो) आणि ते घर रिकामं ठेवलं. फक्त कडेची चौकट, दोन युनिटची, कोपऱ्याला दोनची गोलाई. बारा घरांत सगळ्यात सोपं चित्र.

नवीन तक्ता लावून आता दोन महिने झाले. रात्री आजी तांब्यावर बोट ठेवते, आई उठते, दोघी जातात, येतात. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच तर हवं होतं. भरल्या घरांची तिला आता सवय झालीय, गोधडी आणि निरांजन ती न बघताच दाखवते.

रिकामं घर ती बहुतेक मी असतो तेव्हाच दाखवते. मग मी एकेक विचारत बसतो, खिडकी उघडू? शेजारच्या आजींना बोलवू? शेवभाजी? टीव्ही? ती नाही-नाही म्हणत राहते. परवा विचारून विचारून माझी यादी संपली तेव्हा तिने डावा हात उचलला आणि माझ्या मोबाईलवर ठेवला. मी तो बंद करून बाजूला ठेवला. मग तिने बोट काढून घेतलं.

याचं चित्र काढायच्या भानगडीत मी पडणार नाही. घर रिकामंच राहू दे.

असो. बस साडेनऊची आहे, आई डबा भरतेय.